उन्हातल्या डब्यासाठी सिस्टिम क्लॉक निवडताना: क्रिस्टल, आतला आरसी की पीएलएल

जालन्याकडच्या मोसंबीच्या बागेत बसवलेला ओलावा मोजणारा नोड पहाटेपर्यंत व्यवस्थित रीडिंग पाठवतो, दुपारी बारानंतर गप्प होतो आणि ऊन उतरलं की पुन्हा बोलायला लागतो. वर्कशॉपच्या टेबलावर मात्र त्यात एकही दोष सापडत नाही. असा बोर्ड समोर आला की बॅटरी किंवा सेन्सर बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: याचा क्लॉक कशावर चालतो? मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात आणि उन्हात टांगलेल्या बंद प्लास्टिकच्या डब्यात सहज ६०-६५ अंश होतात. २५ अंशांवर निर्दोष असलेला आतला आरसी ऑसिलेटर तिथे काही टक्के सरकू शकतो आणि सिरियल लाईनला तेवढं पुरतं.

या लेखात हाच नोड धरून क्लॉकची निवड पायरीपायरीने करू. मायक्रोकंट्रोलर STM32L476 घेतला आहे, कारण त्यात सगळे पर्याय एकत्र मिळतात. जमिनीत आरएस-४८५वर मॉडबस बोलणारा सेन्सर आहे, वेग ९६०० बॉड. दर १५ मिनिटांनी नोड उठतो, सेन्सरला पुरवठा देतो, २ सेकंद थांबतो, रीडिंग घेतो, रेडिओने पाठवतो आणि झोपतो. बॅटरी ३.६ व्होल्टची लिथियम.

आधी गरज मोजा: टक्के की पीपीएम?

क्लॉक निवडताना बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. ‘अचूक हवा’ एवढं म्हणून भागत नाही. या नोडमध्ये दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या हजारपटीने वेगळ्या मापाच्या आहेत.

पहिली गरज सिरियल लाईनची. ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशा फ्रेममध्ये रिसीव्हर स्टार्ट बिटच्या कडेपासून वेळ मोजायला लागतो आणि स्टॉप बिटच्या मध्यावर, म्हणजे साडेनऊ बिटांनंतर, शेवटचा नमुना घेतो. तोपर्यंत घसरण अर्ध्या बिटापेक्षा जास्त झाली की फ्रेम बिघडते. अर्धा भागिले साडेनऊ म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. नमुना घेण्याच्या पायऱ्यांमुळे त्यातलं थोडं खर्च होतं आणि या चिपच्या यूएसएआरटीला जवळपास पावणेचार टक्के उरतात. लक्षात ठेवा, हे दोन्ही टोकांचं मिळून आहे. सेन्सर स्वतः एक टक्का चुकत असेल तर आपल्या वाट्याला पावणेतीनच येतात.

दुसरी गरज घड्याळाची. नोडने रीडिंगवर वेळेचा शिक्का मारायचा आहे आणि शेतीची थ्री-फेज लाईट ज्या तासांत येते त्याच्या आधी रीडिंग पोचवायचं आहे. इथे टक्क्यांची भाषा चालत नाही. आतला ३२ किलोहर्ट्झचा आरसी, म्हणजे एलएसआय, ±५ टक्क्यांचा आहे. दिवसाच्या १४४० मिनिटांचे ५ टक्के म्हणजे ७२ मिनिटं. आठवड्याभरात नोड सकाळ आणि दुपार यांची गल्लत करायला लागेल. घड्याळासाठी पीपीएमच्या मापाचा स्रोत हवा आणि तो फक्त क्रिस्टल देतो.

म्हणजे ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा क्रिस्टल, म्हणजे एलएसई, या बोर्डावर हवाच, हे आधी ठरलं. आता खरा प्रश्न असा की प्रोसेसर कशावर चालवायचा.

चार स्रोत आणि उष्णतेत त्यांचं वागणं

एमएसआय हा आतला बहुवेगी आरसी १०० किलोहर्ट्झपासून ४८ मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. रिसेटनंतर चिप यावरच ४ मेगाहर्ट्झवर सुरू होते. वीज अगदी कमी खातो आणि काही मायक्रोसेकंदांत जागा होतो. पण एकटा सोडला तर ० ते ८५ अंशांत साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत सरकू शकतो. वर काढलेल्या हिशेबात हे बसत नाही. दुपारी गप्प होणारा नोड बहुधा इथेच अडकलेला असतो. कोडमध्ये क्लॉकला कोणी हात लावलेला नसतो, चिप जिथून सुरू झाली तिथेच राहिलेली असते.

एचएसआय हा १६ मेगाहर्ट्झचा आरसी कारखान्यात ट्रिम करून येतो आणि ० ते ८५ अंशांत सुमारे ±१ टक्क्यात राहतो. सिरियल लाईनला हा चालतो. याची किंमत म्हणजे ऑसिलेटरचाच दीडशे मायक्रोअँपिअरच्या आसपासचा खर्च. चालू असतानाचा म्हणून तो मोठा नाही.

एचएसई म्हणजे बाहेरचा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. तो ±२० ते ३० पीपीएममध्ये राहतो, पण स्थिर व्हायला सुमारे २ मिलिसेकंद घेतो. शिवाय दोन कपॅसिटर, बोर्डावरची जागा आणि आणखी एक बिघडू शकणारा भाग वाढतो.

चौथा पर्याय या चिपची खरी खुबी आहे आणि अनेक बोर्डांवर तो वापराविना पडून असतो. एमएसआयला एलएसई क्रिस्टलशी बांधता येतं. हार्डवेअर सतत ३२.७६८ किलोहर्ट्झशी तुलना करून एमएसआयला जागेवर आणतं आणि अचूकता ±०.२५ टक्क्यापेक्षा चांगली होते. घड्याळासाठी क्रिस्टल लावलेलाच आहे, त्यामुळे वेगळा पैसा लागत नाही. आपल्या नोडसाठी हाच पर्याय घ्यावा.

पीएलएल या यादीत मुद्दाम घेतलेला नाही, कारण तो स्रोत नाही. तो फक्त गुणाकार करतो. ±१ टक्क्याच्या एचएसआयवरून ८० मेगाहर्ट्झ केले तर ते ८० मेगाहर्ट्झही ±१ टक्क्याचेच असतात. ‘बॉड रेट चुकतोय, पीएलएल लावून बघू’ हा सल्ला वरचेवर ऐकू येतो आणि त्याने मूळ दोष जागच्या जागी राहतो.

एलएसई क्रिस्टल नीट बसवणं

सगळी भिस्त आता या छोट्या क्रिस्टलवर आहे, म्हणून इथे घाई करू नका. क्रिस्टल विकत घेताना दोन आकडे बघा: लोड कपॅसिटन्स आणि कमाल ईएसआर. लोड कपॅसिटन्सनुसार दोन्ही बाजूंचे कपॅसिटर ठरतात:

```
CL = (C1 × C2) / (C1 + C2) + Cs
```

`Cs` म्हणजे ट्रॅक आणि पिन यांची भटकी कपॅसिटन्स, नीट आखलेल्या बोर्डावर साधारण ३ पिकोफॅरड. क्रिस्टल ७ पिकोफॅरडचा असेल तर दोन्ही कपॅसिटर समान धरून २ × (७ − ३), म्हणजे ८ पिकोफॅरडचे येतात. सी०जी प्रकारचेच घ्या. स्वस्त सिरॅमिकची किंमत उष्णतेत बदलते.

आता हा क्रिस्टल सुरू होईल का, ते तपासा. त्यासाठी लागणारा किमान गेन असा काढतात:

```
gm_crit = 4 × ESR × (2πf)² × (C0 + CL)²
```

ईएसआर ७० किलोओहम, क्रिस्टलची स्वतःची समांतर कपॅसिटन्स `C0` १ पिकोफॅरड आणि `CL` ७ पिकोफॅरड धरला तर उत्तर ०.७६ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट येतं. चिपचे ड्राइव्हचे चार टप्पे क्रमाने ०.५, ०.७५, १.७ आणि २.७पर्यंतचा क्रिस्टल चालवतात, म्हणजे इथे तिसरा टप्पा लागेल. याच सूत्रात १२.५ पिकोफॅरडचा क्रिस्टल घातला तर २.१६ येतात आणि थेट शेवटचा, सर्वांत जास्त वीज खाणारा टप्पा लागतो. बॅटरीच्या कामाला ६-७ पिकोफॅरडचा क्रिस्टल घ्यावा तो यासाठीच.

नेहमी दिसणारी चूक अशी: ड्रॉवरमध्ये २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर असतात, म्हणून तेच लावले जातात. ७च्या क्रिस्टलवर त्यामुळे ११ अधिक ३, म्हणजे १४ पिकोफॅरडचा भार पडतो. मोशनल कपॅसिटन्स ३ फेम्टोफॅरड धरली तर क्रिस्टल सुमारे ८७ पीपीएम हळू चालतो आणि घड्याळ दिवसाला साडेसात सेकंद मागे पडतं. त्याहून वाईट म्हणजे लागणारा गेन २.६७वर जातो, शेवटच्या टप्प्याच्या अगदी काठावर. असे बोर्ड कधी सुरू होतात, कधी होत नाहीत, आणि दोष ‘क्रिस्टलची बॅच खराब’ म्हणून भलतीकडेच ढकलला जातो.

ट्रॅक जितके आखूड करता येतील तितके करा. क्रिस्टलखालून दुसरा सिग्नल नेऊ नका आणि भोवती ग्राउंडचं कडं द्या. हाताने सोल्डर केलं असेल तर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ धुवा. हे सर्किट इतक्या कमी करंटवर चालतं की उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटणारा फ्लक्सचा थर पावसाळी दमट हवेत ओल धरतो आणि त्याच्या गळतीनेच क्रिस्टल थांबतो. अल्ट्रासॉनिक टाकीत मात्र हा बोर्ड घालू नका. क्रिस्टलच्या आतला ट्युनिंग फोर्क त्या कंपनांनी तडकू शकतो.

कोडचा क्रम

आधी एलएसई सुरू करायचा, तो तयार होईपर्यंत थांबायचं, मगच एमएसआय त्याला बांधायचा.

```c
RCC->APB1ENR1 |= RCC_APB1ENR1_PWREN;
(void)RCC->APB1ENR1;
PWR->CR1 |= PWR_CR1_DBP;

RCC->BDCR = (RCC->BDCR & ~RCC_BDCR_LSEDRV)
          | RCC_BDCR_LSEDRV_1;      // तिसरा टप्पा
RCC->BDCR |= RCC_BDCR_LSEON;

if (wait_lse_ready(5000))           // ५ सेकंदांची मर्यादा
    RCC->CR |= RCC_CR_MSIPLLEN;
else
    use_hsi16_and_report();
```

मर्यादा ५ सेकंदांची ठेवली आहे, कारण एलएसईला उठायला सुमारे २ सेकंद लागणं स्वाभाविक आहे. मर्यादा न घालता नुसतं थांबणाऱ्या लूपमध्ये नोड कायमचा अडकतो आणि शेतात जाऊन बॅटरी काढल्याशिवाय सुटत नाही. क्रिस्टल उठलाच नाही तर एचएसआयवर जा, घड्याळ एलएसआयवर चालवा आणि तसा एक बिट रेडिओच्या पॅकेटमध्ये पाठवा. रीडिंग येत राहतं आणि कोणत्या नोडचा क्रिस्टल गेला तेही कळतं.

चाचणी करताना एक सापळा आहे. एलएसई बॅकअप डोमेनमध्ये असतो, म्हणून रिसेटचं बटण दाबल्यावरही तो चालूच राहतो. बटण दाबून शंभर वेळा ‘सुरू होतो’ बघितलं तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुरवठा पूर्ण काढा, `VBAT` वेगळा असेल तर तोही काढा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि मग सुरू करा.

विजेचा हिशेब

ही चिप साधारण १०० मायक्रोअँपिअर प्रति मेगाहर्ट्झ खाते. पीएलएलवर ८० मेगाहर्ट्झला ८ मिलिअँपिअर धरा, आणि ४ मेगाहर्ट्झ एमएसआयला पेरिफेरल्ससह अर्धा मिलिअँपिअर. स्टॉप २ झोपेत घड्याळासह १.४ मायक्रोअँपिअर लागतात.

दिवसाला ९६ वेळा उठणं आणि दर वेळी सेन्सर तापण्याचे २ सेकंद अधिक संवादाचे ०.३ सेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे २२१ सेकंद जागरण. हे सगळं ८० मेगाहर्ट्झवर नुसतं थांबून काढलं तर दिवसाला ०.४९ मिलिअँपिअर-तास जातात. ४ मेगाहर्ट्झवर तेच ०.०३ होतात. दिवसभराची झोप ०.०३४ खाते. पीएलएलवर वाट बघणारा नोड झोपेच्या चौदापट वीज काहीच न करता उडवतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. सेन्सर १२ व्होल्टवर १० मिलिअँपिअर घेत असेल तर बूस्ट कन्व्हर्टरमधून बॅटरीवर ४० मिलिअँपिअरच्या आसपास भार येतो आणि त्या २ सेकंदांचे दिवसाला २.१ मिलिअँपिअर-तास होतात. सेन्सर तापायचा वेळ २ सेकंदांवरून दीडवर आणता आला तर पीएलएल बंद करून वाचते तेवढीच वीज वाचते. सेन्सरच्या कागदावर किमान वेळ काय दिला आहे ते आधी बघा.

थांबण्याचे २ सेकंद स्टॉप २ मध्येच काढावेत. आरटीसीचा अलार्म लावायचा आणि झोपायचं. मॉडबसच्या उत्तराची वाटही झोपेत बघता येते, कारण `LPUART1` थेट एलएसईवर ९६०० बॉड चालवू शकतो. २५६ × ३२७६८ भागिले ९६०० म्हणजे ८७३.८, जवळचा आकडा ८७४, आणि चूक ०.०२ टक्का. फक्त इतक्या कमी वेगाच्या क्लॉकवर प्रत्येक बिटात नमुने कमी मिळतात, त्यामुळे रिसीव्हरची सहनशक्ती पावणेचारवरून सुमारे १.८ टक्क्यांवर येते. एक टक्क्याचा सेन्सर त्यात बसतो, स्वतःच आरसीवर चालणारा भरकटलेला सेन्सर कदाचित बसणार नाही.

बॉड रेटचा भागाकारही तपासत जा. ४ मेगाहर्ट्झवरून ११५२०० करायला ३४.७ने भागावं लागतं, ३५ धरला की पाऊण टक्क्यापेक्षा जास्त चूक भागाकारातच आली. बोर्डावर ११५२०० बॉडचा मोडेम असेल तर त्या यूएसएआरटीला एचएसआय द्या. तिथे भागाकार १३९ येतो आणि चूक ०.०८ टक्क्यावर उतरते. प्रोसेसर एका क्लॉकवर आणि यूएसएआरटी दुसऱ्यावर, हे या चिपमध्ये बिनदिक्कत चालतं.

पीएलएल कधी लावावा

काम खरोखर गणिताचं असेल तेव्हा. समजा याच नोडवर पंपाच्या करंटचे नमुने घेऊन फ्रिक्वेन्सीचं विश्लेषण करायचं आहे आणि तेवढा वेळ सेन्सरचा पुरवठा चालू ठेवावा लागतो. गणिताला लागणारी चिपची ऊर्जा ८० किंवा १६ मेगाहर्ट्झवर साधारण तेवढीच पडते, पण गणित पाचपट लवकर संपलं की ते ४० मिलिअँपिअर पाचपट लवकर बंद होतात. फायदा तिथे आहे.

त्यासाठी बांधलेल्या ४ मेगाहर्ट्झ एमएसआयला `M`=१, `N`=४०, `R`=२ लावा. आतला व्हीसीओ १६० मेगाहर्ट्झवर जातो, तो ६४ ते ३४४च्या मर्यादेत आहे, आणि बाहेर ८० मिळतात. वेग वाढवण्याआधी फ्लॅशचे वेट स्टेट ४ करा आणि रजिस्टर परत वाचून खात्री करा. वेग कमी करताना क्रम उलटा: आधी क्लॉक उतरवा, मग वेट स्टेट. हा क्रम चुकला तर बोर्ड क्लॉक बदलल्याबरोबर हार्ड फॉल्टमध्ये जातो, किंवा गार असताना चालतो आणि तापल्यावर पडतो.

स्टॉपमधून उठल्यावर पीएलएल बंद असतो आणि चिप एमएसआय किंवा एचएसआयवर परतलेली असते. पहिलं रीडिंग बरोबर, पहिल्या झोपेनंतर सिरियलवर कचरा, असं लक्षण दिसलं तर क्लॉक पुन्हा लावायचा राहिला आहे. हॅल वापरत असाल तर झोपेच्या कॉलनंतर लगेच `SystemClock_Config()` बोलवा.

मोजून खात्री

क्रिस्टलच्या पिनवर स्कोपची प्रोब कधीही लावू नका. प्रोबचे १०-१५ पिकोफॅरड चढले की क्रिस्टल हळू होतो किंवा बंद पडतो. एलएसई `MCO` पिनवर, म्हणजे `PA8`वर, बाहेर काढा आणि तिथे मोजा. पीपीएममध्ये मोजायला चांगला फ्रिक्वेन्सी काउंटर लागतो. स्वस्त लॉजिक ॲनालायझरचा स्वतःचा क्रिस्टलच काही दहा पीपीएम चुकलेला असू शकतो.

आरसी तपासायला मात्र तो पुरेसा आहे. ९६०० बॉडवर `U` हे अक्षर पाठवत राहा. त्याचे बिट एकाआड एक बदलतात, म्हणून स्टार्ट बिटच्या पडत्या कडेपासून स्टॉप बिटच्या चढत्या कडेपर्यंत बरोबर नऊ बिट भरतात, म्हणजे ९३७.५ मायक्रोसेकंद. बोर्ड डब्यात बंद करून दुपारच्या उन्हात ठेवा आणि आकडा बघत राहा. ९१०च्या आसपास आला तर क्लॉक तीन टक्के जलद आहे, म्हणजे एमएसआय मोकळाच चालतो आहे. एलएसईला बांधलेला असेल तर आकडा ९३५ ते ९४०च्या बाहेर जाणार नाही.

शेतात बसवलेला नोड स्वतःलाही तपासू शकतो. `TIM16`च्या कॅप्चर इनपुटला आतूनच एलएसई जोडता येतो. दर आठ कडांना कॅप्चर केलं तर ४ मेगाहर्ट्झवर दोन कॅप्चरमध्ये ९७६ किंवा ९७७ मोजणी यायला हवी. ९९०च्या वर दिसली की पॅकेटमध्ये इशारा पाठवा.

घड्याळाचं शेवटचं काम उन्हाचंच. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २५ अंशांपासून दोन्ही बाजूंना हळूच होत जातो, फरकाच्या वर्गाला ०.०३४ने गुणून येणाऱ्या पीपीएमने. ६५ अंशांवर ४० × ४० × ०.०३४, म्हणजे ५४ पीपीएम, दिवसभर तसंच राहिलं तर ४.७ सेकंद. डब्यात ४५ अंश असतील तर १३.६ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंद. चूक एकाच दिशेची असल्याने ती दुरुस्त करता येते: दर तासाला चिपच्या आतल्या सेन्सरवरून तापमान वाचा, पीपीएम काढा आणि आरटीसीच्या स्मूथ कॅलिब्रेशनमध्ये भरा. त्याची एक पायरी ०.९५ पीपीएमची आहे आणि मर्यादा सुमारे ४८८ पीपीएमपर्यंत जाते. तापमान झोपेतून उठल्याउठल्या वाचा. रेडिओ चालल्यावर चिप स्वतःच तापलेली असते आणि दुरुस्ती जास्त होते.

या सगळ्यात एचएसई क्रिस्टलची गरज कुठेच पडली नाही. तो लागतो ते कॅन बसवर, जिथे दोन्ही टोकांची मिळून चूक अगदी थोडीच चालते आणि बस लांब, वेग जास्त असेल तर आरसीवर भरवसा ठेवता येत नाही. इथरनेटलाही तो लागतो. वाळूजच्या एखाद्या मशीनवर ५०० किलोबिटच्या कॅनवर बसणारा बोर्ड असेल तर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा, त्यावरून `M`=१, `N`=२०, `R`=२ने ८० मेगाहर्ट्झ करा आणि क्लॉक सिक्युरिटी सिस्टिम चालू ठेवा. क्रिस्टल बंद पडला तर ती चिपला आतल्या आरसीवर आणते आणि एनएमआय देते. त्या हँडलरमध्ये कॅन ताबडतोब बंद करा. चुकीच्या क्लॉकवर बोलणारा एक बोर्ड एरर फ्रेम टाकत राहतो आणि बाकीच्या सगळ्या नोड्सचा संवाद अडवतो.